आठ तुकडे, सात बांध

गणित शिकवताना लाडू, आंबे आणि शेतं आणणाऱ्या शिक्षकांचा मला पहिल्यापासून राग आहे. मुलांना गणित कळत नाही म्हणून उदाहरण द्यायचं, मग उदाहरण कळत नाही म्हणून दुसरं उदाहरण द्यायचं, आणि तास संपला की मुलांच्या डोक्यात फक्त लाडू उरतात. तलासरीच्या आमच्या कॉलेजात मी इतकी वर्षं गणित शिकवते आहे, फळ्यावर एक चिकू काढलेला नाही. डहाणूत राहून चिकू न काढणं हे तसं सोपं नाही.

त्यामुळे कॉम्प्युटरच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारी ती मुलगी स्टाफरूममध्ये माझ्यासमोर बसून म्हणाली, "मॅडम, उद्या डेमोला मी वाटणीचं उदाहरण घेते," तेव्हा माझ्या कपाळाला आठ्या पडल्या.

ती तलासरीच्याच पूर्वेकडच्या डोंगराळ गावातली. घरी भात आणि नाचणी, आईवडील शेतात. गावातून एमएस्सी झालेली बहुधा पहिलीच. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच ठाऊक. जेवढे तास तेवढाच पगार, सुट्टीत पगार नाही, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही याचा भरवसा नाही. त्या वर्षी कायम जागा निघाली होती, एकच. आधी डेमो, मग मुलाखत. ही जागा गेली तर वापीला एका कंपनीत ऑफिसचं काम मिळत होतं, तिथे होय म्हणून टाकायचं असं घरी ठरलं होतं. "तिथं रोज एक्सेल भरायचं," ती म्हणाली होती. शिकवणं सुटेल या एका गोष्टीची तिला भीती होती, आणि ती भीती तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

डेमोचा विषय सगळ्या उमेदवारांना आदल्या दिवशी कळवला होता. मर्ज सॉर्टला किती वेळ लागतो ते रिकर्शन ट्री, म्हणजे तुकड्यांचे तुकडे दाखवणारं झाड, काढून दाखवा. वेळ वीस मिनिटं. समोर बसणार आमचीच दुसऱ्या वर्षाची मुलं, मागच्या बाकांवर निवड समिती. कॉम्प्युटरचा विभागही माझ्याकडे प्रभारी म्हणून होता, त्यामुळे मला वर्गात बसायला परवानगी होती. मत द्यायला मात्र नव्हती. हे बरंच झालं, कारण माझं मत सगळ्या कॉलेजला आधीच माहीत होतं.

"हे बघ," मी तिला म्हटलं, "मर्ज सॉर्ट म्हणजे काय? यादीचे दोन अर्धे करा, प्रत्येक अर्धा त्याच पद्धतीने चढत्या क्रमाने लावून घ्या, मग लागलेले दोन अर्धे एकात मिसळा. मिसळताना दोन्हींचे पहिले आकडे बघायचे, लहान तो उचलायचा. म्हणजे एन आकडे मिसळायला साधारण एन एवढं काम. झालं तुझं समीकरण."

मी कागदावर लिहून दिलं: T(n) = 2T(n/2) + n. एनसाठी लागणारा वेळ म्हणजे अर्ध्यासाठी लागणाऱ्या वेळाच्या दुप्पट, अधिक मिसळण्याचे एन. एकटा आकडा असेल तर एक.

"आता झाड काढ, ओळींची बेरीज कर, एन लॉग एन लिही आणि खाली बस. त्यात वाटणी कशाला हवी?"

"मॅडम, मुलं दर वर्षी एकच चूक करतात. झाडात खाली खाली जाताना तुकड्यांचे खोके दुप्पट होतात ना, म्हणून त्यांना वाटतं कामही दुप्पट होतं. झाड काढतात आणि उत्तर एनचा वर्ग लिहितात. खोके दुप्पट होतात पण निम्मे लहान होतात, हे त्यांना दिसतच नाही. वाटणीत दिसतं. त्यांच्या घरी झालेली असते."

"आणि मुलं उदाहरणालाच चिकटून बसली तर?"

"तर सोडवीन," ती म्हणाली, इतक्या सहज की मला आणखीच राग आला.

"वीस मिनिटांत सोडवणार? उत्तराची शेवटची ओळ फळ्यावर नसेल तर अपुरं म्हणून मार्क कापतील. लिहून ठेव."

तिने लिहून ठेवलं नाही. डबा उघडला, नाचणीच्या भाकरीचा अर्धा तुकडा माझ्यापुढे सरकवला, आणि आमचं भांडण तेवढ्यापुरतं मिटलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या आधी दोन उमेदवार झाले. एक नाशिकचा, एक मुंबईकडची. वाईट नव्हते, मी उगाच नावं ठेवणार नाही. दोघांनी व्यवस्थित झाड काढलं, प्रत्येक ओळीपुढे एन लिहिलं, ओळी लॉग एन अधिक एक असं सांगितलं, शेवटची ओळ लिहिली आणि वेळेत खाली बसले. मुलंही व्यवस्थित गप्प होती. समितीतले बाहेरून आलेले विषयतज्ज्ञ, एका मोठ्या कॉलेजातले वयस्क सर, काहीतरी टिपून घेत होते. हायवेवरून ट्रक जात होते आणि खिडक्या बंद केल्यामुळे वर्गात उकडत होतं.

मग ही आली. साधी कॉटनची साडी, हातात दोन रंगांचे खडू. फळ्यावर तिने वर एक लांब पट्टी काढली.

"आजोबांची आठ गुंठे जमीन," ती म्हणाली. "दोन मुलगे. आपल्याकडे जमीन कशी वाटतात?"

"उभी!" तीन-चार आवाज एकदम आले. आमच्याकडे शेत आडवं कापत नाहीत. प्रत्येकाच्या तुकड्याला ओहोळापर्यंत पोचता आलं पाहिजे, म्हणून वरपासून खालपर्यंत उभ्या पट्ट्या पाडतात.

तिने खाली चारचारच्या दोन पट्ट्या काढल्या. त्यांच्या खाली नातवंडांच्या दोनदोनच्या चार, आणि त्याखाली पणतवंडांच्या एकेका गुंठ्याच्या आठ. "प्रत्येक पिढी आपापला तुकडा एकदा नांगरते. आजोबांनी किती नांगरलं?"

"आठ."

"मुलांनी मिळून?"

"चार आणि चार, आठ."

"नातवंडांनी?"

"आठच," एक मुलगा म्हणाला आणि स्वतःच दचकला. "मॅडम, प्रत्येक ओळीत आठच येणार!"

"का?"

"जमीन तीच आहे ना. वाटणारे वाढले."

मागे बसलेले विषयतज्ज्ञ मान वर करून बघू लागले. मी मान्य करते, तेव्हा माझ्याही अंगातला ताण थोडा सैल झाला. मुलं दर वर्षी जी चूक करतात ती त्या एका वाक्यात निघून गेली होती. मग तिने नांगरणं म्हणजे मिसळण्याचं काम, जमीन म्हणजे यादीतले आकडे, हे जोडून दिलं. आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक, म्हणजे तीनदा निम्मं झालं. तीनदा निम्मं झालं म्हणून आठाचा लॉग तीन, दोनाच्या पायावर. निम्मं तीनदा, पण ओळी चार, कारण सर्वांत वरची ओळही मोजायची. चार ओळी, प्रत्येकीत आठ, एकूण बत्तीस. आठाच्या जागी एन ठेवला की एन गुणिले लॉग एन, अधिक एन. एन हा दोनाचा घात धरलाय हेही तिने सांगितलं. अधिकचा एन लहान म्हणून सोडायचा आणि उत्तराची शेवटची ओळ लिहायची, एवढं एकच पाऊल उरलं होतं. मी घड्याळ बघितलं. वेळ होता, थोडा पण पुरेसा.

आणि तेवढ्यात मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. उंबरगावच्या बाजूच्या पाड्यावरून येणारी, वर्गात सहसा न बोलणारी.

"मॅडम, पण आठ नाय राहत."

"म्हणजे?"

"बांध जातो नं त्यात. दोन तुकडे केले का मधे बांध येतो. परत तोडले का परत बांध. तो कोणाच्या जमिनीतून जाणार? प्रत्येक ओळीत आठ कसे राहतील?"

वर्ग हसला. समितीतले एक गृहस्थ हसले आणि त्यांनी मनगट वळवून घड्याळाकडे बघितलं. मी मनात म्हटलं, घ्या, सांगितलं होतं ना. आता म्हण की उदाहरणात बांध धरायचा नाही, बस खाली, आणि लिही शेवटची ओळ. कोणीही हेच केलं असतं. दोन शब्दांत निभावणारी गोष्ट होती.

ती फळ्याकडे वळली आणि तिने वरपासून खालपर्यंत सगळ्या पट्ट्या पुन्हा बघितल्या. वर्ग हसायचा थांबला.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "बांध मी धरलाच नव्हता. आता धरू या."

मी बाक घट्ट धरला.

"आधी सांग, यादी तोडली तर आकडे कमी होतात का?"

"नाय."

"मग जमीन कमी होत नाही असं समज. पण बांध घालायला राबावं लागतं की नाही?"

"लागतं."

"कॉम्प्युटरलाही लागतं. यादीचा मध्य काढायचा, दोन्ही अर्ध्यांना वेगळं कामाला लावायचं. हे काम थोडंच असतं, पण दर वेळी तोडताना करावंच लागतं. मी मघाशी फक्त मिसळणं मोजलं, तोडणं मोजलं नाही. आणि आपल्या पट्ट्या उभ्या आहेत. मग मोठा तुकडा तोडला काय, लहान तोडला काय, बांधाची लांबी?"

"सारखीच," ती मुलगी म्हणाली. "वरून खालपर्यंत."

"म्हणून प्रत्येक बांधाला एक काम धरू."

तिने दुसऱ्या रंगाचा खडू घेतला. वरच्या पट्टीच्या मधोमध एक उभी रेघ मारली. "आजोबांची जमीन तोडली, एक बांध." खालच्या दोन पट्ट्यांत एकेक रेघ. "दोन." त्याखाली चार पट्ट्यांत चार रेघा. "चार." शेवटच्या ओळीवर तिचा हात थांबला. "इथे?"

"एक गुंठा कोण तोडणार?" पुढचा मुलगा म्हणाला. "तिथं बांध नाही."

"मग एक, दोन आणि चार मिळून?"

"सात."

मधल्या बाकावरची मुलगी अजून उभीच होती. ती बोटांवर काहीतरी करत होती. मग एकदम म्हणाली, "हो की! आठ तुकडे बाजूबाजूला लावले तर मधे सातच बांध येतात. शेतात जाऊन मोजा."

इथे मला काय वाटलं ते सांगायलाच हवं. या झाडावर मी किती वेळा बोलले असेन कोण जाणे. एक, दोन, चार अशी बेरीज एनपेक्षा एकने कमी येते हे मी सूत्राने नेहमीच सिद्ध केलं आहे. पण त्या मुलीने सगळी बेरीज बाजूला ठेवून शेवटच्या ओळीतले तुकडे शेजारी-शेजारी लावले आणि त्यांच्यामधले बांध मोजले. याहून देखणी सिद्धता मी बघितलेली नाही. आणि ती त्याच वाटणीतून आली होती, जिच्यावरून मी आदल्या दिवशी भांडले होते. मला इतका आनंद झाला की रागावायचंही विसरले.

फळ्यापुढची ती आता वेगात होती. "आता हजाराच्या आसपास जाऊ. एक हजार चोवीस गुंठे. दहादा निम्मं. नांगरणीचे दहा हजार दोनशे चाळीस, शेवटच्या ओळीचे एक हजार चोवीस, आणि बांधांचे?"

"एक हजार तेवीस."

"यादी वाढवत नेली तर कोण कोणाला मागे टाकतं?"

"नांगरणी. ती एन गुणिले लॉग एन अशी वाढत जाते. बांध एनच्या मागेच राहतात."

"बांध खोटे नाहीत. आहेत, आणि आपण मोजले. पण ते एनएवढेच आहेत, म्हणून एकूण वेळ वाढतो कसा याचं उत्तर..."

घंटा वाजली. समितीतल्या त्या गृहस्थांनी हात वर केला. "वेळ संपली, थांबा."

ती थांबली. खडू खाली ठेवला. फळ्यावर उत्तराची शेवटची ओळ नव्हती.

बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठलं आणि जे तोंडात आलं ते बोलले. एक ओळ राहिली होती, एक! त्या पोरीला दोन मिनिटांनी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? त्या दोघांनी ओळ लिहिली आहे. तू वाटण्या करत बसलीस आणि स्वतःचाच वाटा घालवलास.

तिचे डोळे भरले होते, पण आवाज नीट होता. "मॅडम, तिचं खरं होतं. खरं बोलणाऱ्या मुलीला खाली बसवून ही नोकरी मिळाली असती, तर रोज तिच्यापुढे उभी कशी राहिले असते?"

मी तिला पाणी दिलं आणि मुलाखतीला पाठवलं.

निकाल संध्याकाळीच कळला. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. समितीत वाद झाला होता. ज्यांनी घड्याळ बघितलं होतं त्यांचं म्हणणं, विषय अपुरा राहिला, नियम म्हणजे नियम. विषयतज्ज्ञ सर म्हणाले, बाकीच्या दोघांनी विषय पूर्ण केला हे खरं, पण त्यांच्या तासाला एकाही मुलाने प्रश्न विचारला नाही. वर्ग तोच, मुलं तीच. "मुलं ज्यांना विचारतात त्यांना घ्या," ते म्हणाले म्हणे, "शेवटची ओळ पुस्तकात आहे." जागा तिला मिळाली.

मी स्टाफरूममध्ये जाऊन तिला सांगितलं तेव्हा ती आधी खुर्चीत बसली, मग उठली, मग परत बसली. मग घरी फोन लावला आणि तिच्या बोलीत इतक्या भरभर बोलली की मला एवढंच कळलं की पलीकडे आई रडते आहे. मीही रडले. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

त्यानंतर काही दिवसांनी ती प्रश्न विचारणारी मुलगी मला लायब्ररीच्या पायरीवर भेटली. मला राहवलं नाही. विचारलं, "काय गं, तुला त्या दिवशी बांधच कसा आठवला?"

तिने आधी इकडेतिकडे बघितलं. "यंदा आमची वाटणी झाली. काका आणि बाबा. कागदावर दोघांना सारखं. पण बांध आमच्या बाजूने घातला. बाबांनी म्हटलं तर सगळे बोलले, एवढासा तर बांध, त्याचं काय धरायचं. मोजणीवाला पण तेच बोलला. बाबा मग गप्प राहिले."

"आणि मॅडमनी काय सांगितलं त्या दिवशी?" मी विचारलं. मला वाटलं ती एन लॉग एन म्हणेल.

"त्यांनी पण शेवटी तेच सांगितलं, मॅडम," ती म्हणाली. "बांध लहानच आहे, त्याने उत्तर बदलत नाय. पण त्यांनी आधी मोजला."

आणि ती पुस्तकं सावरत वर्गाकडे गेली.